विकणारे थकले का?

१९ ऑक्टोबर १९८७ हा सोमवार होता. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात डाऊ जोन्स निर्देशांक ५०८ अंकांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी पडला. एका दिवसात एवढी मोठी टक्केवारी त्याआधी कधी पडली नव्हती आणि त्यानंतरही पडलेली नाही. दिवसभरात साठ कोटींहून थोडे अधिक शेअर हातोहात गेले. संध्याकाळी हिशोब लागला तेव्हा चढलेले शेअर होते ५२ आणि उतरलेले १९७३. त्याच संध्याकाळी आणखी एक छोटा आकडा १४च्या घरात गेला होता. एरवी तो १च्या आसपास घुटमळतो, २ झाला तरी दलालांच्या भुवया उंचावतात. त्या आकड्याचं नाव ट्रेडिंग इंडेक्स. पडद्यावर तो TRIN असा दिसतो आणि बोलताना सगळे त्याला ‘ट्रिन’ म्हणतात.

रिचर्ड आर्म्स या अमेरिकी विश्लेषकाने १९६७ साली तो मांडला, म्हणून त्याला आर्म्स इंडेक्स असंही म्हणतात. त्याला पडलेला प्रश्न साधा होता. किती शेअर चढले आणि किती उतरले हे बाजार रोज सांगतो. पण चढणाऱ्या शेअरांमागे किती पैसा होता आणि उतरणाऱ्यांमागे किती जोर होता, हे त्यातून कळत नाही. हजार शेअर उतरले, पण प्रत्येकात जेमतेम व्यवहार झाले, तर ती मरगळ आहे. तेच हजार शेअर धडाधड विकले गेले असतील तर ती घबराट आहे. निर्देशांक दोन्ही दिवशी सारखाच पडलेला दिसू शकतो.

ट्रिन काढायला चार आकडे पुरतात. चढलेल्या शेअरांची संख्या भागिले उतरलेल्यांची संख्या, हा पहिला भागाकार. चढलेल्या शेअरांमधला एकूण व्हॉल्यूम भागिले उतरलेल्यांमधला एकूण व्हॉल्यूम, हा दुसरा. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ट्रिन मिळतो. हीच गोष्ट उलटी फिरवून पाहिली तर अर्थ अधिक स्वच्छ दिसतो. उतरलेल्या एका शेअरच्या वाट्याला सरासरी किती व्हॉल्यूम आला आणि चढलेल्या एका शेअरच्या वाट्याला किती, या दोहोंचं गुणोत्तर म्हणजे ट्रिन. तो १ असेल तर दोन्हीकडे जोर समान. १च्या वर गेला तर उतरणाऱ्यांत अधिक रेटा, १च्या खाली आला तर चढणाऱ्यांत.

आता त्या सोमवारचा १४ हा आकडा वाचता येतो. न बदललेले शेअर बाजूला ठेवून ढोबळ हिशोब केला तर उतरलेल्या प्रत्येक शेअरमध्ये सरासरी तीन लाखांच्या वर व्यवहार झाले आणि चढलेल्या ५२ शेअरांमध्ये प्रत्येकी बावीस हजारांच्या आत. म्हणजे जे थोडे शेअर वाचले ते कोणी हिरिरीने विकत घेतल्यामुळे वाचले नव्हते. तिथे कोणी फिरकलंच नव्हतं. बाजारातलं सगळं बळ विक्रीच्या बाजूला एकवटलं होतं.

अशा आकड्याकडे अल्पकालीन व्यवहार करणारे लोक विक्रीची खूण म्हणून पाहत नाहीत. उलट, इथून भाव उसळण्याची शक्यता वाढली असं ते समजतात. घबराटीत विकणारा माणूस भाव बघून विकत नाही. त्याला मार्जिनचे पैसे भरायचे असतात, फंडातून पैसे काढणाऱ्यांची देणी भागवायची असतात किंवा त्याला फक्त सुटका हवी असते. ही विक्री उद्याची, परवाची, पुढच्या आठवड्याची विक्री आजच उरकून टाकते. ज्यांना विकायचंच होतं ते विकून मोकळे झाले की थोड्या खरेदीनेही भाव वर येतो. १९८७च्या त्या सोमवारनंतर मंगळवारी डाऊ १०२ अंकांनी आणि बुधवारी जवळजवळ १८७ अंकांनी चढला. डाऊ निर्देशांक त्या सोमवारच्या बंद भावाखाली नंतर बंद झालाच नाही. व्यापक असलेला एस अँड पी ५०० मात्र डिसेंबरच्या सुरुवातीला किंचित खाली जाऊन आला आणि मग सावरला.

पण हाच आकडा किती फसवू शकतो तेही पाहायला हवं. समजा, एका बाजारात २००० शेअर आहेत. पहिल्या दिवशी ५०० चढले, १५०० उतरले. चढलेल्यांत १० कोटी शेअरांचा व्यवहार झाला, उतरलेल्यांत ९० कोटींचा. उतरलेल्या प्रत्येक शेअरमागे सरासरी ६ लाख, चढलेल्यामागे २ लाख. ट्रिन आला ३. दुसऱ्या दिवशी अवस्था अधिक बिकट आहे: फक्त १०० चढले, १९०० उतरले, व्हॉल्यूम चढलेल्यांत ५ कोटी आणि उतरलेल्यांत ९५ कोटी. आता दोन्ही बाजूंना प्रत्येकी सरासरी ५ लाखच पडतात, म्हणून ट्रिन येतो १. ट्रिन एकटा पाहणाऱ्याला हा दुसरा दिवस अगदी सामान्य वाटेल. ट्रिन घसरणीचा विस्तार मोजत नाही. घसरण जिथे झाली तिथला दाब मोजतो. म्हणून चढ-उताराची मूळ संख्या शेजारी ठेवल्याशिवाय तो वाचूच नये, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी अडचण त्याच्या मोजपट्टीची आहे. खरेदीच्या जोराला ० ते १ एवढीच जागा मिळते, विक्रीच्या जोराला १पासून पुढे कितीही. वरच्या पहिल्या दिवसाचं नेमकं उलट चित्र घेतलं, १५०० चढले, ५०० उतरले, व्हॉल्यूम ९० आणि १० कोटी, तर ट्रिन ०.३३ येतो. दोन्ही दिवस एकमेकांना तंतोतंत फेडतात, तरी ३ आणि ०.३३ची सरासरी १.६७ निघते आणि बाजार विक्रीने पिचल्यासारखा दिसतो. सरासरीचा हा घोटाळा लहान नाही. एका दिवसाचा ट्रिन फार उड्या मारतो, त्यामुळे बहुतेक लोक दहा दिवसांची सरासरी पाहतात. ती १.२च्या वर गेली की बाजार अति विकला गेला आणि ०.८च्या खाली आली की अति खरेदी झाली, असा जुना दंडक आहे. एका भयंकर दिवसाचा आकडा ही सरासरी पुढचे दहा दिवस वर टांगून ठेवतो आणि अकराव्या दिवशी ती एकाएकी कोसळते, मग बाजारात त्या दिवशी काही घडलेलं असो वा नसो. यावर चांगला उपाय म्हणजे रोजच्या गुणोत्तरांची सरासरी न काढता चारही आकड्यांची दहा दिवसांची बेरीज आधी करायची आणि भागाकार शेवटी एकदाच करायचा. वरच्या दोन दिवसांचा असा हिशोब केला की उत्तर बरोबर १ येतं.

ट्रिनने आजचा दाब कळतो. या दाबाने किती शेअर खरोखर तळाला नेले हे सांगतो दुसरा आकडा: गेल्या ५२ आठवड्यांतला नवा नीचांक गाठणाऱ्या शेअरांची संख्या, आणि तिच्या समोर नवा उच्चांक गाठणाऱ्यांची. ही नोंद रोजच्या चढ-उतारापेक्षा जड असते. शेअर एका दिवसात उतरणं सोपं आहे. पण वर्षभरात ज्या भावाला कोणी ना कोणी तो उचलला होता, त्या प्रत्येक भावाच्या खाली जाणं सोपं नाही. नवा नीचांक म्हणजे वर्षभरात तो शेअर घेतलेला प्रत्येक माणूस तोट्यात आहे. असे शेअर शेकड्यांनी वाढू लागले की विक्री एका क्षेत्रापुरती राहिलेली नाही हे उघड होतं.

हा आकडा कसा वाचावा याचा सर्वांत चांगला धडा २००८-०९च्या अमेरिकी बाजारात मिळतो. सप्टेंबरच्या मध्यावर लेहमन ब्रदर्स बुडाली आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एस अँड पी ५०० एकाच आठवड्यात १८ टक्क्यांनी पडला. शुक्रवार, १० ऑक्टोबरला तो ८९९वर बंद झाला. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये सुमारे २९०० शेअरांनी ५२ आठवड्यांचा नीचांक गाठला, म्हणजे बाजारातल्या दर दहांपैकी आठांहून अधिक. याच्या पलीकडे हा आकडा जाणार तरी कुठे? अजून नीचांक गाठायला शेअरच फारसे उरले नव्हते. सोमवारी निर्देशांक एका दिवसात साडेअकरा टक्के उसळला. अल्पकालीन टोक म्हणून तो इशारा अचूक ठरला.

मात्र त्याच इशाऱ्यावर विसंबून ज्याने मंदी संपली असं मानलं, त्याचं फार नुकसान झालं. २० नोव्हेंबरला निर्देशांक ७५२वर होता आणि ९ मार्च २००९ रोजी ६७६वर. १० ऑक्टोबरच्या भावापासून आणखी पाव भाग गेला. पण या दोन्ही वेळी नव्या नीचांकांची संख्या आधीपेक्षा कमी होती. मार्चमध्ये तर ती ऑक्टोबरच्या जेमतेम एक तृतीयांश होती. निर्देशांक खाली जात होता आणि तळ गाठणारे शेअर घटत होते. मार्चची शेवटची घसरण मुख्यतः बँकांची होती. सिटीग्रुपचा शेअर त्या आठवड्यात एक डॉलरच्याही खाली गेला. बाकीच्या अनेक कंपन्यांचे शेअर मात्र नोव्हेंबरमध्येच तळाला जाऊन परत फिरले होते. निर्देशांकात मोठ्या बँकांचं वजन असल्याने तो पडत राहिला, पण बाजाराच्या पोटात विक्री ओसरू लागली होती.

म्हणून नव्या नीचांकांचं टोक आणि बाजाराचा अंतिम तळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या टोकाला घबराट कळसाला पोहोचते. तिथून उसळी येते, बहुधा जोरदार येते, पण ती टिकेलच असं नाही. टिकणारा तळ बऱ्याचदा नंतर येतो, जेव्हा भाव पुन्हा खाली जातो आणि या खेपेला त्याच्या सोबत जाणारे शेअर कमी असतात. याला काही आठवडे लागतात, २००८-०९मध्ये पाच महिने लागले. काही मंद्यांमध्ये दुसरी फेरी येतच नाही. २३ मार्च २०२० हा अमेरिकी बाजाराचा तळ होता आणि तिथून भाव सरळ वर गेला. दुसऱ्या फेरीची वाट पाहत बसलेल्यांच्या हाती काही लागलं नाही. या आकड्यांना तारखा कळत नाहीत.

उच्चांकांच्या बाजूला हेच गणित उलटं करून लावण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते सर्वाधिक पैसा तिथेच जातो. नवे उच्चांक खूप वाढले, म्हणजे खरेदी थकली, आता विका, असं ते तर्कशास्त्र. पण भीती आणि हाव यांची चाल सारखी नसते. भीती काही दिवसांत शिगेला जाऊन विझते, कारण विकणाऱ्याला घाई असते. खरेदी करणाऱ्याला तशी घाई नसते, तो महिनोन् महिने येत राहतो. २०१३च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये नव्या उच्चांकांची संख्या चांगलीच फुगली होती. त्या वर्षी एस अँड पी ५०० सुमारे ३० टक्के चढला. मोठ्या मंदीनंतर ट्रिनची सरासरी ०.८च्या खाली आणि उच्चांकांची संख्या वर, ही जोडी दिसली तर ती बहुधा तेजीच्या पहिल्या पावलाची खूण असते. धोक्याची खूण वेगळीच आहे. निर्देशांक नवा उच्चांक गाठतो, पण त्याच्यासोबत उच्चांक गाठणारे शेअर दर वेळी कमी होत जातात आणि त्याच दिवसांत नव्या नीचांकांची संख्या हळूहळू वाढू लागते.

आपल्याकडे हे आकडे आयते फारसे मिळत नाहीत, पण राष्ट्रीय शेअर बाजाराची रोजची भावकॉपी सगळ्यांना उघडी आहे. ती उतरवून घेतली की तक्त्यात प्रत्येक शेअरसमोर कालचा बंद भाव PrvsClsgPric या रकान्यात, आजचा ClsPric मध्ये, व्हॉल्यूम TtlTradgVol मध्ये आणि रुपयांतली उलाढाल TtlTrfVal मध्ये असते. SctySrs या रकान्यात EQ असलेल्या ओळी निवडल्या की रोखे आणि इतर किरकोळ मालिका गळून पडतात. पण ईटीएफही याच मालिकेत येतात, ते हाताने वगळावे लागतात. मग आजचा भाव कालच्यापेक्षा वर असलेल्या ओळी आणि खाली असलेल्या ओळी मोजायच्या आणि त्यांची बेरीज करायची.

बेरीज करताना भारतीय बाजारात शेअरांची संख्या न घेता रुपयांतली उलाढाल घ्यावी. वोडाफोन आयडियासारख्या स्वस्त शेअरमध्ये एका दिवसात कित्येक कोटी शेअरांची देवघेव होते. एमआरएफचा एक शेअर लाखाच्या वर गेलेला आहे आणि त्याचे दिवसाला काही हजार शेअर फिरतात. संख्या धरली तर एकट्या स्वस्त शेअरचा हिरवा किंवा लाल रंग दोन-चार मोठ्या कंपन्यांना पुसून टाकतो आणि ट्रिन बाजाराचा न राहता त्या एका शेअरचा होतो. उलाढाल घेतली तरी ज्या दिवशी एखाद्या प्रवर्तकाने मोठा हिस्सा विकला असेल त्या दिवशी आकडा वाकडा येतोच. कोणत्याही दिवशी ट्रिन विचित्र दिसला की उलाढालीच्या क्रमाने यादी लावून वरचे पाच शेअर पाहावेत, कारण बहुधा तिथेच सापडतं.

त्याहून मोठी अडचण सर्किटची आहे. आपल्याकडे ज्या शेअरांत वायदे चालत नाहीत त्यांना दिवसाला २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. शेअर लोअर सर्किटला अडकला की विकणाऱ्यांची रांग लागते, पण घेणारा नसतो, म्हणून व्यवहारच होत नाही. २३ मार्च २०२०ला निफ्टी १३ टक्के पडून ७६१०वर बंद झाला. सकाळी दहा टक्क्यांची घसरण झाल्यावर संपूर्ण बाजारच ४५ मिनिटं थांबवावा लागला होता. अशा दिवशी लोअर सर्किटला अडकलेल्या शेअरांमध्ये घबराट सर्वाधिक असते आणि व्हॉल्यूम सर्वांत कमी. उतरलेल्या शेअरांची संख्या फुगते, त्यांच्या वाट्याची सरासरी उलाढाल मात्र खाली येते, आणि ट्रिन प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतो. न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली असं कुलूप नव्हतं, म्हणून तिथे १४ दिसू शकला. आपल्याकडे तोच दिवस कदाचित ३ वर थांबला असता.

यावर मार्ग दोन आहेत. एक म्हणजे ट्रिन फक्त वायदे चालणाऱ्या शेअरांपुरता काढायचा. त्यांना अशी ठरावीक मर्यादा नसते आणि बाजारातली बहुतांश उलाढालही त्यांतच होते. दुसरा म्हणजे लोअर सर्किटला बंद झालेल्या शेअरांची संख्या वेगळी मोजून ठेवायची. भावकॉपीत त्यांचा बंद भाव आणि दिवसाचा नीचांक एकच असतो आणि घसरण मर्यादेला येऊन थांबलेली असते. ही संख्या नव्या नीचांकांच्या संख्येशेजारी लिहिली की त्या दिवशी किती विक्री व्हायची राहिली, याचा अंदाज येतो. एक-दोन दिवसांनी ही कुलुपं उघडतात, अडकलेली विक्री एकदम बाहेर पडते, आणि निर्देशांक थोडाच खाली असला तरी ट्रिन घसरणीच्या दिवसापेक्षा वर उडी मारतो. पडद्यावर हा आकडा नव्या घबराटीसारखा दिसतो. पण ती आधीच्याच दिवसाची विक्री असते, उशिरा नोंदली गेलेली.